पाचपैकी दोन: वाचन चाचणी आणि मुलाखतींच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२५, वाळपई

आराखड्याची चर्चा आज एकदाची मिटली. आधी तिसरी-चौथीच्या मुलांची वाचन चाचणी घ्यायची, गुण हाती आले की त्यातून मुलं निवडून मुलाखती करायच्या आणि शेवटी दोन्ही एकाच तक्त्यात मांडायचं. मिश्र पद्धतींच्या पुस्तकांत याला स्पष्टीकरणात्मक क्रमिक आराखडा म्हणतात. उलटा क्रमही चालतो. आधी मुलांशी बोलायचं आणि त्यातून प्रश्नावली बेतायची. पण आमचा प्रश्नच गुणांपासून सुरू होतो. इथले शिक्षक सांगतात की पोर धडा घडाघडा वाचतं, मग काय वाचलंस म्हणून विचारलं की गप्प. हे किती मुलांचं होतं ते चाचणी सांगेल. का होतं ते मुलांनाच विचारावं लागेल.

शाळा सत्तरी आणि डिचोलीतल्या, सरकारी, मराठी माध्यमाच्या. घरी बहुतेक मुलं कोंकणी बोलतात, काही मराठी, काही कन्नड किंवा लमाणी. पट इतका लहान की तिसरी-चौथी एकाच खोलीत आणि शिक्षक एकच, असं बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून शाळावार सरासरी काढायची नाही हे आजच लिहून ठेवलं. चौथीत चार मुलं असतील आणि त्यातलं एक तापाने घरी असेल, तर सरासरी कुठच्या कुठे जाते. तिला अर्थ राहत नाही.

१७ जुलै

उतारे तयार झाले. असर या मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाची साधनं वापरावीत असं एकदा ठरत होतं. २००५ पासून देशभर वापरात आहेत, शिक्षकांच्या ओळखीची आहेत. पण असर मुलाला पायरीवर बसवतं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आमची बरीच मुलं वरच्या दोन पायऱ्यांवरच गोळा झाली असती आणि त्यांच्यातला फरक दिसला नसता. म्हणून एका मिनिटाच्या प्रकट वाचनाची पद्धत घेतली, जी एग्रा या चाचणीमुळे बऱ्याच देशांत रुळली आहे. साठेक शब्दांचा उतारा, हातात स्टॉपवॉच, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि त्यावर पाच प्रश्न. मूल स्वतःहून चूक सुधारत असेल तर तो शब्द बरोबर धरायचा. उत्तर कोणत्याही भाषेत दिलं तरी चालेल, कारण आपण वाचन तपासतोय, मराठी बोलणं नव्हे.

पहिला उतारा एका मुलीचा. ती आजोबांबरोबर आबोलीचा गजरा घेऊन मावशीकडे निघते, वाटेत व्हाळाला पाणी वाढलेलं असतं, दोघं मागे फिरतात. संध्याकाळी आजीच्या केसांत गजरा असतो. दुसरा उतारा पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा, तेवढ्याच लांबीचा. अर्ध्या मुलांना पहिला द्यायचा, अर्ध्यांना दुसरा. पुढे मुलाखतीच्या वेळी अदलाबदल करायची.

प्रश्न पारखण्यासाठी एक साधी युक्ती केली: उतारा न वाचलेल्या मुलांना नुसते प्रश्न विचारले. ‘व्हाळाचं पाणी लाल झालेलं बघून आजोबा का थांबले?’ याचं उत्तर सत्तरीतल्या मुलांनी फटाफट दिलं. वर डोंगरात पाऊस झाला की व्हाळ कसा येतो हे त्यांना कोणी शिकवायला नको. म्हणजे तो प्रश्न वाचन तपासत नव्हता, मूल कुठे राहतं ते तपासत होता. तो काढून टाकला. त्या जागी ‘मावशीसाठी नेलेल्या गजऱ्याचं काय झालं?’ हा घेतला. याचं उत्तर उताऱ्यात कुठेच थेट लिहिलेलं नाही, पण वाचल्याशिवाय देताही येत नाही.

२४ जुलै

रंगीत तालीम. एका मुलाचं वाचन दोघांनी एकाच वेळी तपासायचं आणि नंतर कागद जुळवायचे. दोघांमध्ये दोन-तीन शब्दांचा फरक येतो. तेवढा येणारच. तो कुठे येतो ते पाहिलं तर जवळजवळ नेहमी जोडाक्षरांवर किंवा शेवटच्या अनुस्वारावर. ‘गेलं’चं ‘गेला’ वाचलं की एकजण चूक धरतो, दुसरा सोडतो. ती चूकच धरायची असं ठरलं.

तीन सेकंदांच्या नियमावरून वाद झाला. मूल एका शब्दावर तीन सेकंद अडकलं की पुढे जायला सांगायचं आणि तो शब्द चूक धरायचा, असा नियम. माझ्या सहकारिणीचं म्हणणं, ‘अगो, जोडाक्षर फोडायला त्याला चार सेकंद लागले तर ते काय आलं नाही म्हणायचं?’ तिचं म्हणणं मला पटतं. पण नियम मध्येच बदलला तर कुणाचेच गुण कुणाशी जुळणार नाहीत. नियम तसाच ठेवला. पुढे जिथे थांबवलं तिथे कागदावर खूण करायची, एवढी भर घातली. ती खूण मुलाखतीला उपयोगी पडेल.

पावसाने ध्वनिमुद्रणाची दैना केली. पत्र्याच्या छपराखाली मुलाचा आवाज ऐकूच येत नाही. आता माइक मुलाच्या कॉलरला लावतो आणि सर जोरात आली तर चाचणी थांबवतो.

७ ऑगस्ट

सगळ्या शाळांतली चाचणी झाली. आज गुण आलेखावर टाकले: आडव्या अक्षावर मिनिटाला किती शब्द, उभ्या अक्षावर पाचपैकी किती उत्तरं. ठिपक्यांचा पट्टा खालून डावीकडून वर उजवीकडे जातो. जलद वाचतात त्यांना जास्त कळतं, असं चित्र. बैठकीत कोणीतरी म्हणालं की झालं, अपेक्षेप्रमाणेच आहे.

माझी नजर मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यावर अडली. हळू वाचणारी पण चांगलं समजणारी मुलं तिथे असायला हवीत. तो कोपरा नुसता विरळ नव्हता, साफ रिकामा होता. माणसांच्या आकडेवारीत एखादा कोपरा इतका स्वच्छ दिसला की आधी साधनावर संशय घ्यावा.

कारण चाचणीच्या पद्धतीतच निघालं. एका मिनिटात मूल जिथवर पोचलं तिथवरच्या मजकुरावरचेच प्रश्न त्याला विचारले जातात. न वाचलेल्या भागाबद्दल विचारणं अन्यायाचं, म्हणून हा नियम, आणि त्यात चूक काही नाही. पण गुण पाचपैकी मांडले की न विचारलेला प्रश्न आणि चुकलेला प्रश्न दोन्ही शून्यच होतात. मूल हळू वाचत असेल तर त्याला वर जायला वाटच नाही. म्हणजे तो सुरेख पट्टा थोडाफार आपणच ओढलेला आहे.

दोन मुलं समोर ठेवतो. क हा चौथीतला मुलगा. एका मिनिटात २७ शब्दांपर्यंत पोचला, ३ चुकले, म्हणून वेग मिनिटाला २४. तिथवर दोनच प्रश्न बसतात. दोन्ही बरोबर. गुण पाचपैकी दोन. ख ही तिसरीतली मुलगी. तिने साठच्या साठ शब्द ५२ सेकंदांत संपवले, ४ चुकले. बरोबर ५६, म्हणून वेग ५६ ÷ ५२ × ६०, म्हणजे सुमारे ६५. पाचही प्रश्न विचारले, दोन बरोबर. गुण पाचपैकी दोन. आकलनाच्या रकान्यात दोघांसमोर एकच आकडा.

‘मग विचारलेल्यांपैकी किती असं मांडूया,’ ही सूचना लगेच आली. तसं केलं तर क शंभर टक्के आणि ख चाळीस. पण दोन प्रश्नांवर शंभर टक्के म्हणायला माझं मन घेत नाही. शिवाय सुरुवातीचे प्रश्न सोपे असतात: मुलीच्या हातात काय होतं, कोणाबरोबर निघाली. अवघड प्रश्न शेवटी आहे आणि तिथे क पोचलेलाच नाही. नुसता हिशेब बदलून हे सुटणार नाही, मुलांकडे परत जायला हवं.

१९ ऑगस्ट

मुलाखतीची निवड. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांची मुलं घ्यायची हा सोपा मार्ग आम्ही सोडला. त्यातून जे कळेल ते आधीच माहीत असलेलं. निवड केली ती वेग आणि आकलन यांचा मेळ न बसणाऱ्यांची: वेगवान पण उत्तरं न देणारी, आणि हळू पण जेवढं विचारलं तेवढं अचूक सांगणारी. सीमेच्या अगदी जवळची मुलं टाळली. तपासणाऱ्यांतच दोन-तीन शब्दांचा फरक असेल तर मिनिटाला ३९ आणि ४१ ही दोन वेगळ्या गटांतली मुलं नव्हेत.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने एक खोच काढली आणि ती रास्त आहे. तो म्हणाला, ‘तू विचित्र गुण पडलेली मुलं वेचलीस. त्यातल्या काहींचे त्या दिवशी नुसते योगायोगाने तसे पडले असतील. दुसऱ्यांदा चाचणी घेतलीस की ते आपोआप मधल्या बाजूला सरकणार आणि तू म्हणणार, बघा, मुलाखतीत खरं कळलं!’ म्हणून मेळ बसलेली काही मधली मुलंही घेतली. त्यांचे गुण दुसऱ्या खेपेला किती हलतात ते पाहिलं की बाकीच्यांच्या हलण्यातलं किती मोजायचं याचा अंदाज येईल.

प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला दोन कामं वाढवली. एक, दुसरा उतारा वेळ न लावता वाचायचा आणि पाचही प्रश्न विचारायचे. दोन, एक छोटी गोष्ट आम्ही वाचून दाखवायची आणि तिच्यावर प्रश्न. वाचन म्हणजे अक्षर ओळखून शब्द उच्चारणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार, असं गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं. दोहोंपैकी एक शून्य तर सगळंच शून्य. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, की ऐकूनही कळत नाही, हे वेगळं केल्याशिवाय मुलाखतीत मूल काय सांगतंय ते नेमकं कुठे बसवायचं हे समजणार नाही.

मुलाखत घेणाऱ्याला मुलाचे गुण सांगायचे नाहीत. माहीत असले की प्रश्न तिकडेच झुकतात. आता चवथीची सुट्टी लागायच्या आत पालकांच्या संमतीचे राहिलेले कागद गोळा करायचे.

९ सप्टेंबर

मुलाखती सुरू. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘तुला वाचताना काय अडचण येते?’ असं विचारून काही हाती लागत नाही. पहिल्या मुलाने ‘काही नाही, टीचर’ म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या लेखी आम्ही तपासायला आलेलो साहेब. त्यामुळे आता कागद मधे ठेवतो आणि बोट दाखवून विचारतो, ‘इथे तू थांबलास, तेव्हा काय करत होतास?’ ‘का थांबलास’ असं विचारत नाही, त्यात दटावणी ऐकू येते. जुलैत केलेल्या खुणा इथे कामी येतात.

आज क होता. पोदेराचा उतारा त्याने सावकाश, ओठ हलवत, दोनदा मागे जाऊन वाचला. पाचपैकी चार उत्तरं बरोबर, ऐकलेल्या गोष्टीवर पाचही. ‘पंक्चर’ या शब्दावर त्याचं बोट थांबलं होतं. काय करत होतास म्हटल्यावर म्हणाला, ‘पुढचं बघितलं. सायकल ढकलत नेली असं होतं. मग कळलं.’ पुढचा मजकूर पाहून मागचा शब्द लावणं! स्टॉपवॉचच्या हिशेबात हे तीन सेकंद थांबणं, म्हणजे चूक. शेवटी तो स्वतःहून म्हणाला, ‘म्हाका कळटा, पूण वेगीन वाचूंक येना.’

१६ सप्टेंबर

ख. चुणचुणीत, बोलकी. वेळ न लावता वाच, असं सांगूनही तिने पहिलं वाक्य सुसाट घेतलं. घड्याळ नाही हे दाखवायला मोबाइल पिशवीत टाकला, तेव्हा कुठे आवाज उतरला. पाचपैकी चार. ऐकूनही चार.

चांगलं वाचणं म्हणजे काय, यावर तिचं उत्तर तयार होतं: ‘न थांबता, मोठ्यानं. साठ आले पाहिजेत.’ हे साठ कुठून आले ते शोधायला लांब जावं लागत नाही. निपुण भारत ही केंद्राची मोहीम २०२१ मध्ये सुरू झाली, आणि तिसरीच्या अखेरीला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं तिचं लक्ष्य आहे. ‘समजून’ हा शब्द त्यात आहे. पण शब्द मोजता येतात, समजणं मोजायला वेळ लागतो, म्हणून वर्गात आणि घरी आकडा तेवढा उरतो. तिची आई रोज संध्याकाळी मोबाइलवर वेळ लावून धडा वाचून घेते. त्या माउलीचं काय चुकलं? ती मनापासून करते आहे.

२५ सप्टेंबर

ग. हाही वेगवान, मिनिटाला ६२, आणि पहिल्या चाचणीत पाचपैकी दोन. कागदावर खचा जुळा भाऊ. बोलायलाही तसाच: ‘मी पटपट वाचतो, वाचायला आवडतं.’ नुसती मुलाखत असती तर दोघांना एकाच कप्प्यात टाकलं असतं.

पण वेळ न लावता वाचूनही त्याला दोनच आली. वाचून दाखवलेल्या गोष्टीवरही दोनच. घरी लमाणी बोलतात, शाळेत मित्रांशी कोंकणी. मराठी त्याला भेटते ती फक्त पुस्तकात आणि शिक्षकांच्या तोंडून. अक्षरांवर पकड अशी की अनोळखी जोडाक्षरही अडत नाही, आणि म्हणूनच वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही. मी एका वाक्यावर बोट ठेवून ‘हे मला तुझ्या भाषेत सांग’ म्हटलं, तर त्याने तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं, आणखी स्पष्ट आवाजात. त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

६ ऑक्टोबर

आज तक्ता मांडला. मिश्र पद्धतीतलं खरं काम इथे होतं. आकड्यांचं एक प्रकरण आणि मुलाखतींचं दुसरं, असे दोन अहवाल एका पुठ्ठ्यात बांधले की झालं, असं पुष्कळ प्रबंधांत दिसतं. आम्ही एका ओळीत एक मूल ठेवलं.

| मूल | वेळ लावून | वेळ न लावता | ऐकून | मुलाचं म्हणणं | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|---|---|
| क | २/५ (विचारले २) | ४/५ | ५/५ | कळतं, वेगाने येत नाही | आकलन आहे, वेग कमी |
| ख | २/५ | ४/५ | ४/५ | न थांबता, साठ आले पाहिजेत | घड्याळ लागलं की अर्थ सुटतो |
| ग | २/५ | २/५ | २/५ | पटपट वाचतो, आवडतं | उच्चार पक्का, मराठी कमी |

मधली मुलं, जी पडताळणीसाठी घेतली होती, ती बहुतेक एका गुणाने इकडेतिकडे झाली. क आणि ख दोन गुणांनी चढले. एवढ्या फरकावर उड्या मारण्यात अर्थ नाही. पण क पुढचं वाचून मागचा शब्द लावतो हे ध्वनिमुद्रणात आहे, आणि खचा आवाज घड्याळ गेल्यावर उतरतो हेही आहे. गुण आणि वागणं एकाच दिशेने बोलत असेल तिथेच आम्ही शेवटचा रकाना भरला.

एक ओळ मात्र रिकामी आहे. हळू वाचणाऱ्या एका मुलीने उताऱ्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की सहकारिणीने वहीत ‘उत्तम आकलन’ लिहिलं. प्रश्नांना मात्र पाचपैकी दोन. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं तर तिने सांगितलेल्या पोदेराला एक कुत्रा होता, आणि पाव भिजल्याबद्दल मार बसला होता. उताऱ्यात यातलं काहीच नाही. दोन-चार शब्द उचलून तिने स्वतःचीच गोष्ट रचली होती. हे न समजणं, की प्रश्नांचा कंटाळा, की गोष्ट सांगण्याची हौस? आम्ही दोघांनी तिच्या बोलण्याचं स्वतंत्रपणे वर्गीकरण केलं तर दोघांचं वेगळं आलं. ओळीत ‘मेळ नाही’ असं लिहून तशीच ठेवली. अहवालातही तशीच जाईल.

१४ ऑक्टोबर

अहवालात काय जायचं ते ठरवलं. मुलाखतींवरून ‘इतके टक्के मुलं घड्याळामुळे’ असं वाक्य कुठेही येणार नाही. मुलं वेचून घेतली आहेत, ती सगळ्यांची प्रतिनिधी नव्हेत. त्यांच्यावरून एवढंच म्हणता येतं की पाचपैकी दोन या एका आकड्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघांना लागणारी मदत वेगळी आहे. क-ला वेळ द्यायला हवा, ख-ला घड्याळाविना वाचायला बसवायला हवं. ग-ला आणखी जलद वाचायचा सराव दिला तर काहीच होणार नाही. त्याच्याशी मराठीत भरपूर बोलायला हवं. चाचणीचा ठिपक्यांचा आलेखही जाईल, पण वेग आणि आकलन यांच्या संबंधातला काही भाग विचारण्याच्या नियमातून येतो, हे वाक्य आलेखाच्या खालीच, तळटीपेत नव्हे.

ओळख लपवण्याचा प्रश्न आम्हाला वाटला त्याहून बिकट निघाला. नाव काढून क, ख, ग लिहिलं की पुरे, असं मोठ्या शहरात चालत असेल. इथे ‘चौथीतला मुलगा, घरी लमाणी, अमुक तालुका’ एवढं म्हटलं तरी गावातला कोणीही बोट दाखवील, कारण त्या वर्गात तसा एकच आहे. म्हणून तालुका प्रत्येक मुलाच्या ओळीतून काढला. इयत्ता आणि मुलगा-मुलगी हे तपशील काही ठिकाणी मुद्दाम बदलले, या नोंदींतही. घरची भाषा फक्त गच्या ओळीत राहिली. ती काढली तर अर्थच जातो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शिक्षकांपुढे तक्ता ठेवायचा आहे, शाळांची नावं न घेता. त्याआधी चाचणीत एक प्रयोग करून पाहायचा: एक मिनिट झालं की वेगासाठी खूण करायची, पण मुलाला थांबवायचं नाही. उतारा संपू द्यायचा आणि पाचही प्रश्न सगळ्यांना विचारायचे. एका मुलामागे किती वेळ वाढतो ते पहिल्या शाळेतच घड्याळ लावून पाहू.